दिवे लागले की सेन्सर गप्प: एलईडी ड्रायव्हर आणि मोटारींच्या रेडिओ गोंगाटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोल्ट्री शेडमध्ये तापमान, आर्द्रता आणि पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारे, लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओवर चालणारे सेन्सर बसवले की थोड्या दिवसांत जे प्रश्न येऊ लागतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या भारतात परवान्याशिवाय वापरता येणाऱ्या पट्ट्यासाठी आहेत. उदाहरणाला सगळीकडे एकच शेड धरली आहे. सेन्सरचं रीडिंग ऐकून पुढे पाठवणारा गेटवे खाद्याच्या खोलीत, दिव्यांच्या पॅनलशेजारी भिंतीवर आहे. सर्वांत लांबचा सेन्सर ४५० मीटरवरच्या टाकीवर असून तो एसएफ ९ वर, म्हणजे लोराच्या स्प्रेडिंग फॅक्टर ९ या सेटिंगवर, चालतो. शेडचे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. तुमच्याकडचे वेगळे निघतील.

१. दिवसा सगळं नीट चालतं. संध्याकाळी दिवे लावले की टाकीचं रीडिंग यायचं बंद होतं. सेन्सर खराब झालाय का?

बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो. एलईडीचा ड्रायव्हर आतला स्विच सेकंदाला साधारण पन्नास हजार ते लाखभर वेळा चालू-बंद करतो. हा वेग रेडिओच्या मानाने फारच कमी आहे, पण प्रत्येक वेळी व्होल्टेज काही दहा नॅनोसेकंदांत उडी मारतं. त्या उडीनंतर स्विच, डायोड आणि बोर्डावरच्या पट्ट्या मिळून घंटेसारख्या क्षणभर झणझणतात. ही झणझण दहापासून काहीशे मेगाहर्ट्झपर्यंत असते आणि तिची शेपटी ८६६ पर्यंत पोचते.

ड्रायव्हरपासून दिव्यापर्यंतची वायर मग अँटेनाचं काम करते. ८६६ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी फक्त ८.६ सेंटिमीटर भरते, म्हणजे वीतभर मोकळी वायरसुद्धा पुरते. शेडमध्ये अशी शेकडो फूट वायर टांगलेली असते.

२. दिवे शेडमध्ये आहेत, टाकीचा सेन्सर ४५० मीटर लांब आहे. त्याला त्रास कसा होईल?

त्रास सेन्सरला होत नाही, गेटवेला होतो. लग्नाच्या मांडवात बँडशेजारी बसलेल्या माणसाला लांबून मारलेली हाक ऐकू येत नाही. हाक मारणाऱ्याचा आवाज तेवढाच असतो. रेडिओतही गोंगाट ऐकणाऱ्याजवळ असला तर नुकसान करतो, बोलणाऱ्याजवळ असला तर सहसा नाही.

म्हणून दिव्यांमध्ये बसवलेल्या सेन्सरचं रीडिंग येत राहतं आणि शांत माळावरच्या टाकीचं येत नाही, असं उलटं वाटणारं चित्र दिसतं. एक अपवाद लक्षात ठेवा. गेटवेकडून सेन्सरकडे जाणारा निरोप, म्हणजे पोच, जॉइनचं उत्तर किंवा सेटिंगमधला बदल, सेन्सरला ऐकावा लागतो. दिव्याला खेटून लावलेला सेन्सर रीडिंग पाठवतो पण सेटिंग बदलायला सांगितलं की दाद देत नाही, तेव्हा गोंगाट त्याच्या कानाशी आहे.

३. हा गोंगाटच आहे, अँटेना किंवा बॅटरीची भानगड नाही, हे कसं ओळखायचं?

गेटवेच्या नोंदीत प्रत्येक पॅकेटसमोर RSSI, म्हणजे आलेल्या सिग्नलचा जोर, आणि SNR, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती वर किंवा खाली आहे, असे दोन आकडे असतात. लोक पहिलाच पाहतात, पण निकाल दोन्ही मिळून लागतो.

आपल्या शेडमध्ये दुपारी टाकीच्या सेन्सरचा RSSI -११५ आणि SNR +२ आहे. दिवे लागल्यावर RSSI खाली येत नाही, पण SNR -१२ वर येतो. सिग्नल तितकाच पोचतोय, त्याखालचा गोंगाट १४ डेसिबलने वर आला आहे. एसएफ ९ ला साधारण -१२.५ पर्यंतचा SNR चालतो, म्हणजे हाताशी अर्धा डेसिबल उरला. मग काही पॅकेट येतात, काही गळतात आणि ‘कधी चालतं, कधी नाही’ ही तक्रार सुरू होते.

दोन्ही आकडे सोबत खाली आले तर वाटेत काहीतरी आडवं आलंय, अँटेनाचा कनेक्टर ढिला झालाय किंवा बॅटरी बसली आहे. तिथे फिल्टर लावून काहीही होणार नाही.

एक सावधगिरी: हरवलेल्या पॅकेटचा SNR कुठेच नोंदला जात नाही. त्यामुळे रात्रीची सरासरी असते त्यापेक्षा बरी दिसते. सरासरीसोबत फ्रेम काउंटरमधल्या, म्हणजे पॅकेटच्या क्रमांकांमधल्या, गाळलेल्या जागा मोजा.

४. १४ डेसिबल म्हणजे रेंज नेमकी किती घटते?

पूर्ण मोकळ्या जागेत ६ डेसिबल गेले की अंतर निम्मं होतं. जमिनीलगत, झाडं-भिंतींमधून सिग्नल त्याहून लवकर क्षीण होतो, म्हणून तिथे तेवढ्याच डेसिबलला अंतर कमी कापलं जातं. शेतातल्या परिस्थितीत १४ डेसिबलला रेंज साधारण अडीच पटीने घटते असं धरायला हरकत नाही. आपली लिंक दुपारी ११५० मीटरच्या आसपास गेली असती. दिवे लागल्यावर ती ४६० मीटरवर येते आणि टाकी आहे ४५० वर.

दुपारी बसवून, रीडिंग पाहून निघून गेलेल्या माणसाला हे दिसत नाही. म्हणून सेन्सर बसवताना सगळे दिवे आणि पंखे चालू करून एकदा SNR पाहायलाच हवा.

५. मग एसएफ १२ करून टाकलं तर?

एसएफची एक पायरी सुमारे अडीच डेसिबल देते आणि हवेतला वेळ जवळजवळ दुप्पट करते. ९ वरून १२ ला गेलात तर साडेसात डेसिबल मिळतील, पण प्रत्येक पॅकेट अंदाजे आठपट वेळ हवेत राहील. बॅटरी त्या मानाने लवकर संपेल आणि पॅकेट एकमेकांवर आदळू लागतील. दोन-तीन डेसिबलची तूट असेल तर करा. चौदाची तूट एसएफने भरून निघत नाही, आणि पुढच्या वर्षी शेजारी नवी शेड उभी राहिली की पुन्हा तिथेच याल.

६. दिव्यांवर बीआयएसचा मार्क आहे. तरी त्रास कसा?

एलईडी बल्बला सक्तीची नोंदणी आहे ती आयएस १६१०२ भाग १ खाली आणि ड्रायव्हरला आयएस १५८८५ खाली. दोन्ही सुरक्षिततेची मानकं आहेत: शॉक लागू नये, आग लागू नये. रेडिओ गोंगाट हा त्यांचा विषय नाही.

गोंगाटाची मर्यादा सिस्पर या आंतरराष्ट्रीय समितीच्या मानकांत असते. दिव्यांसाठीचं सिस्पर १५ हे हवेतला गोंगाट बराच काळ ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच मोजायला सांगत होतं. २०१८ च्या आवृत्तीत ते १ गिगाहर्ट्झपर्यंत आलं. त्याआधीच्या आवृत्तीवर पास झालेला ड्रायव्हर ८६६ वर काय करतो, हे कोणी तपासलेलं असेलच असं नाही.

बरं, पास झालेलं उपकरण तरी पुरेसं शांत असतं का? घरगुती उपकरणांना २३० ते १००० मेगाहर्ट्झमध्ये १० मीटरवर ३७ डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर इतकी मुभा आहे आणि ती मोजतात १२० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. लोराचा नेहमीचा पट्टा १२५ किलोहर्ट्झचा, त्यामुळे तुलना जवळपास थेट करता येते. चांगल्या लोरा रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट सुमारे -११७ डीबीएम असतो आणि साध्या अँटेनाला तेवढं देणारं क्षेत्र भरतं अंदाजे १७. म्हणजे नियमाच्या काठावर पास झालेला दिवा १० मीटरवरूनही तुमच्या रिसीव्हरच्या गोंगाटाचा तळ २० डेसिबलने उचलू शकतो. ही मर्यादा ठरली टीव्ही आणि रेडिओच्या जोरकस सिग्नलसाठी. -१३० डीबीएमचं कुजबुजणं ऐकणाऱ्या यंत्रासाठी नव्हे.

७. नेमका कोणता दिवा किंवा पंखा दोषी आहे, हे कसं शोधू?

एक जादा लोरा मॉड्यूल गोंगाट मोजायला लावा. एसएक्स१२७६ चं मॉड्यूल पॅकेट नसतानाही RSSI देतं, तोच इथे उपयोगी पडतो. आर्डुइनोच्या LoRa लायब्ररीत, ८६६ वर सुरू केल्यानंतर, एवढं पुरतं:

```
LoRa.receive();
long s = 0;
for (int i = 0; i < 200; i++) {
  s += LoRa.rssi();
  delay(10);
}
Serial.println(s / 200.0);
```

हे मॉड्यूल बॅटरीवर चालवा आणि गेटवेच्या अँटेनाच्याच जागी धरा. मग सगळे एमसीबी पाडून शेडच्या गोंगाटाचा तळ लिहून घ्या आणि एकेक एमसीबी वर करत जा. आकडा अगदी अचूक नसतो, पण आपल्याला फरकच हवा आहे. आपल्या शेडमध्ये सगळं बंद असताना -११७, पंख्यांचा एमसीबी वर केल्यावर -११६ आणि दिव्यांची पहिली ओळ वर केल्यावर एकदम -१०३ असं दिसलं, तर पुढचा शोध त्या ओळीपुरता राहतो. तिथले ड्रायव्हर एकेक करून सोडवायचे. पुष्कळदा अख्ख्या ओळीत एखाद-दुसराच ड्रायव्हर मुख्य गुन्हेगार निघतो, आणि तो गेटवेच्या सगळ्यात जवळचा असतो.

खिशातला मिडियम वेव्ह रेडिओ ड्रायव्हरजवळ नेला की खरखरतो, त्यावरून अंदाज बांधणारे पुष्कळ आहेत. पण तो १ मेगाहर्ट्झच्या आसपासचं ऐकतो. तिथे ओरडणारा ड्रायव्हर ८६६ वर गप्प असू शकतो आणि उलटही होतं. आरटीएल-एसडीआरचा डोंगल असेल तर उत्तम. ८६६ त्याच्या टप्प्यात येतं आणि पट्टा डोळ्यांनी पाहता येतो. लॅपटॉप मात्र चार्जर काढून बॅटरीवर ठेवा, नाहीतर चार्जरचाच गोंगाट मोजत बसाल.

८. सगळ्यात आधी, कमी खर्चात काय करावं?

अँटेना हलवा. फिल्टरच्या आधी हेच, आणि पुष्कळ ठिकाणी इथेच काम संपतं.

गेटवे दिव्यांच्या पॅनलजवळ लावण्याचं कारण एकच असतं: तिथे सॉकेट आहे. आपल्या शेडमध्ये अँटेना सर्वांत जवळच्या ड्रायव्हरपासून पाऊण मीटरवर आहे. ती बाहेर, पत्र्याच्या वर, सहा मीटरवर नेली तर कागदावर १८ डेसिबल सुटतात. प्रत्यक्षात एवढे मिळत नाहीत, कारण जवळचा ड्रायव्हर लांब गेला तरी शेडभरची वायर तिथेच असते. निम्मे मिळाले असं धरू: गोंगाट -१०३ वरून -११२ वर, आणि टाकीचा SNR -१२ वरून -३ वर. शिवाय उंची वाढल्याने सिग्नलही थोडा सुधारतो.

अँटेना नेताना स्वस्त बारीक कोॲक्सचा मोह टाळा. आरजी-१७४ ही केबल ८६६ ला मीटरमागे जवळपास एक डेसिबल खाते, आरजी-५८ त्याच्या निम्म्याच्या थोडं वर. दहा मीटर आरजी-१७४ टाकली तर जेवढं कमावलं तेवढं गमावलं. त्यापेक्षा अख्खा गेटवे पाणी न शिरणाऱ्या डब्यात घालून खांबावर चढवा आणि त्याला पीओईने, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच, वीज द्या. खांबाला अर्थिंग आणि अँटेनाला सर्ज अरेस्टर हवाच. माळावरच्या शेडला आकाशातली वीज ओळखीची असते.

९. पॅनलला महागडा मेन्स ईएमआय फिल्टर बसवला, काडीचा फरक पडला नाही. फिल्टर बनावट आहे का?

फिल्टर खरा असेल, पट्टा चुकला. मेन्स फिल्टर १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झसाठी बनतात. ८६६ वर त्यातल्या कॉइलच्या वेटोळ्यांमधली धारिता सिग्नलला सरळ पलीकडे जाऊ देते, आणि कपॅसिटरच्या लांब पायांचं इंडक्टन्स त्याला काम करू देत नाही. त्यातून फिल्टर पॅनलला आणि गोंगाट दिव्याच्या वायरवरून हवेत, म्हणजे चोर एका दाराने जातोय आणि कुलूप दुसऱ्या दाराला.

मेन्स फिल्टरचा उपयोग होतो तो व्हीएफडीमुळे, म्हणजे मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमुळे, तारेतून येणाऱ्या त्रासाला. ते प्रश्न १३ मध्ये आहे.

१०. फेराइट कोणता घ्यायचा, कुठे लावायचा, किती फेरे द्यायचे?

बाजारात ‘फेराइट कोअर’ म्हणून जे क्लिप मिळतात ते बहुतेक खालच्या फ्रीक्वेन्सीचे असतात. फेअर-राइटच्या नावांनी सांगायचं तर ३१ हे मिश्रण १ ते ३०० मेगाहर्ट्झसाठी, ४३ साधारण २५ ते ३०० साठी आणि ६१ हे २०० ते १००० साठी. आपल्याला ६१ किंवा त्याच्या तोडीचं हवं. दुकानदाराला मिश्रण सांगता येत नसेल तर डेटाशीट मागा आणि ८०० च्या पुढे इम्पिडन्स किती आहे ते पाहा.

कोअर ड्रायव्हरला खेटून, दिव्याकडे जाणाऱ्या वायरवर बसवा. प्लस-मायनस दोन्ही वायरी एकाच कोअरमधून जायला हव्यात. एकच वायर घातली तर दिव्याच्या डीसी करंटने कोअर संपृक्त होतो आणि त्याचा उपयोग संपतो. फेऱ्यांचं गणित इथे उलटं आहे. खालच्या फ्रीक्वेन्सीला जास्त फेरे चांगले. ८६६ ला फेऱ्यांमधली धारिताच गोंगाटाला वाट करून देते. एकदा आरपार, आणि हवे असतील तर ओळीने दोन कोअर.

११. वायरिंगची मांडणी बदलून खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि खर्च फक्त मजुरीचा. दिव्याला जाणारी प्लस आणि मायनस वायर छताच्या दोन बाजूंनी नेलेली असते तेव्हा शेडएवढी मोठी लूप तयार होते. दोन्ही वायरींना एकत्र पीळ द्या. ड्रायव्हर दिव्याजवळ ठेवा म्हणजे गोंगाट वाहणारी वायर छोटी राहील. ड्रायव्हर लोखंडी डब्यात असतील तर झाकण आणि डबा यांच्यामधला रंग खरवडून धातूला धातू लागू द्या; रंगाच्या थराने वेगळं राहिलेलं झाकण म्हणजे चारही बाजूंनी फट.

गेटवेची वीज आणि इंटरनेटची केबल दिव्यांच्या वायरींना समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. आपल्या शेडमध्ये पीळ आणि फेराइट मिळून आणखी तीन डेसिबल सुटले असं धरलं, तर गोंगाट -११५ वर येतो आणि टाकीचा SNR शून्यावर. एसएफ ९ ला मग साडेबारा डेसिबलची ऐसपैस जागा उरते.

१२. मी ४८ व्होल्टचा एलईडी ड्रायव्हर स्वतः बनवतो. गोंगाट बोर्डावरच कसा मारू?

बक कन्व्हर्टरमध्ये इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर, स्विच आणि डायोड यांची लूप सर्वांत तापट असते. ती नखाएवढी ठेवा आणि तिच्याखाली अखंड ग्राउंड थर द्या. इंडक्टर शील्ड केलेला घ्या. स्विच नोडचं तांबं उष्णतेसाठी पसरवू नका, तीच अँटेना होते.

मग स्नबर. छोट्या ग्राउंड क्लिपने ऑसिलोस्कोप लावून स्विच नोडची झणझण मोजा. समजा १२० मेगाहर्ट्झ आली. डायोडवर कपॅसिटर वाढवत जा आणि ती ६० वर येईल तिथे थांबा. समजा १५० पिकोफॅरड लागले. मूळ धारिता त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ५० पिकोफॅरड. त्यावरून इंडक्टन्स निघतं सुमारे ३५ नॅनोहेन्री आणि रेझिस्टन्स:

```
R = sqrt(L/C) = sqrt(35n / 50p) ≈ 26.5 Ω
```

२७ ओहम आणि त्याच्याशी सीरिजमध्ये २२० पिकोफॅरड डायोडच्या पायांशी लावा. १०० किलोहर्ट्झला यात जेमतेम ०.०५ वॅट जातो. हाच स्नबर २३० व्होल्ट मेन्सच्या ड्रायव्हरमध्ये, ३२५ व्होल्ट डीसीवर टाकला तर दोन वॅटच्या वर जातो आणि तापतो. त्यामुळे हा हिशेब कमी व्होल्टेजपुरताच ठेवा. विकतचा मेन्सचा ड्रायव्हर तर उघडूच नका.

१३. मोटारींचं काय? पंखे सुरू झाले की सेन्सर बिथरतात.

कुठली मोटार, त्यावर आहे. थेट लाइनवर चालणारी इंडक्शन मोटार चालू असताना रेडिओला काहीच करत नाही. फक्त कॉन्टॅक्टर उघडताना ठिणगी पडते आणि एखादं पॅकेट जातं. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर तयार आरसी सप्रेसर लावला की कॉइलकडून येणारा त्रास थांबतो.

पडदे वर-खाली करणारी ब्रश असलेली १२ व्होल्ट मोटार मात्र चालते तोवर ठिणग्याच पाडते, आणि त्यांचा गोंगाट रुंद पट्ट्यात पसरतो. दोन टर्मिनलमध्ये १०० नॅनोफॅरड आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटारीच्या धातूच्या अंगाला १० नॅनोफॅरड, सगळे सिरॅमिक, पाय शक्य तितके आखूड, मोटारीवरच सोल्डर केलेले. पॅनलमध्ये लावलेला कपॅसिटर इथे निरुपयोगी, तोवर वायरने प्रसारण केलेलं असतं.

व्हीएफडीचा गोंगाट मुख्यतः ३० मेगाहर्ट्झच्या खाली असतो. ८६६ च्या लिंकला तो क्वचित भिडतो, पण आरएस-४८५ आणि ४-२० मिलिॲम्पच्या वायरी आणि गेटवेचा अडॅप्टर यांना सतावतो. गेटवे रीसेट होतो आणि दोष रेंजला जातो, म्हणून आधी गेटवेचा अपटाइम पाहा. उपाय म्हणजे शील्ड असलेली मोटार केबल, शील्ड दोन्ही टोकांना गोल क्लॅम्पने पूर्ण घेराने जोडलेली, शेपटीसारखी पिळून स्क्रूखाली दाबलेली नको. इनपुटला व्हीएफडीचा ईएमआय फिल्टर, आणि कॅरिअर फ्रीक्वेन्सी मोटारीचा आवाज सहन होईल तितकी कमी. व्हीएफडीच्या आउटपुटला कपॅसिटर कधीही लावू नका, ड्राइव्ह उडेल.

१४. फिल्टर लावल्यापासून आरसीसीबी पडतोय. काय चुकलं?

मेन्स फिल्टरमधले वाय कपॅसिटर अर्थला थोडा करंट सोडतात, ते त्यांचं कामच आहे. एकाचा करंट थोडा असतो, पण प्रत्येक ड्रायव्हरचा, प्रत्येक व्हीएफडीचा आणि वरून तुमच्या फिल्टरचा मिळून ३० मिलिॲम्पच्या आरसीसीबीच्या जवळ पोचतो. लाइन येताना तो पडतो, कारण त्या क्षणी सगळे कपॅसिटर एकदम भरतात. सर्किट वेगवेगळ्या आरसीसीबीवर वाटा किंवा कमी गळतीचा फिल्टर घ्या. अर्थची वायर सोडवून ‘प्रश्न मिटवणारे’ इलेक्ट्रिशियन भेटतात. तसं केलं की फिल्टर निकामी होतो आणि पॅनलचा पत्रा शॉक देऊ लागतो.

१५. गेटवेचा सोडून सगळे एमसीबी पाडले तरी गोंगाट तेवढाच. आता कुठे शोधू?

दोन जागा पाहा. पहिली म्हणजे गेटवेचा स्वतःचा अडॅप्टर. तोही स्विचिंगवरच चालतो आणि अँटेनाला सर्वांत जवळ असतो. गेटवे थोडा वेळ १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. SNR सुधारला तर अडॅप्टर बदला.

दुसरी म्हणजे मोबाइल टॉवर. ८५० च्या बँडमध्ये टॉवर ८६९ मेगाहर्ट्झपासून वर प्रसारण करतात, आपल्या पट्ट्यापासून हाकेच्या अंतरावर. टॉवर जवळ असेल तर त्याचा जोर रिसीव्हरचं पुढचं टोक बधिर करतो. याची खूण अशी की त्रास दिव्यांच्या वेळापत्रकाशी जुळत नाही, दिवसरात्र असतो, आणि अँटेना टॉवरकडून आडोशाला नेली की कमी होतो. इथे फेराइट किंवा पीळ यांचा संबंध नाही. अँटेना आणि गेटवेच्या मध्ये ८६५ ते ८६७ पुरता अरुंद कॅव्हिटी किंवा एसएडब्ल्यू फिल्टर लागतो. युरोपसाठी बनवलेला ८६३ ते ८७० चा फिल्टर घेऊ नका. तो टॉवरच्या पट्ट्याची सुरुवात आत घेतो.